पुण्याच्या हॉटेलवाल्याला कोकमाचं आगळ विकायचंय? मेसेज नंतर लिहा, आधी पाच गोष्टी वहीत लिहा

मे महिना लागला की आमच्या कुडाळ-वेंगुर्ला पट्ट्यातून सगळीकडे एकसारखेच मेसेज सुटतात. "नमस्कार, आमच्याकडे अस्सल कोकणी, शुद्ध, घरगुती, केमिकलविरहित आगळ, आमसुलं, काजू, लोणची योग्य दरात मिळतील." खाली तीन हात जोडलेले आणि एक नारळाचं झाड. हा मेसेज पुण्याच्या हॉटेलवाल्याला जातो, ठाण्याच्या किराणा दुकानदाराला जातो आणि कोल्हापूरच्या ज्यूस सेंटरलाही जातो. त्यात पाठवणाऱ्याबद्दल सगळं असतं, वाचणाऱ्याबद्दल एक अक्षर नसतं.

आता यावर उपाय म्हणून लोक जे करतात ते मला जास्त खटकतं. "मेसेज पर्सनल करा" असं कुणीतरी सांगितलेलं असतं, मग माणूस अंदाज ठोकतो. "आपल्या हॉटेलात सोलकढीला प्रचंड मागणी असते हे आम्हांस ठाऊक आहे." कुठून ठाऊक? "चांगल्या आगळाच्या शोधात आपण असालच." तो नसेलच तर? माझं मत असं की असल्या अंदाजापेक्षा तो नारळाच्या झाडाचा मेसेज परवडला, तो निदान खोटा तरी नाही.

आमच्या वाडीतल्या बचत गटाच्या काकींना पुण्यातल्या एका मालवणी हॉटेलला आगळ द्यायचं होतं. मला म्हणाल्या, "तू लिवन दी गो. पण तेंका काय होया ता माका कसा कळतला?" प्रश्न अगदी नेमका होता. त्यावर आम्ही जे केलं ते इथे मांडते, कारण बाकी गटांनाही उपयोग होईल.

वहीचं एक पान घेतलं. त्यावर हॉटेलबद्दल पाचच गोष्टी लिहायच्या. प्रत्येक गोष्टीपुढे ती कुठे दिसली, कधीची आहे आणि तिच्यामुळे मेसेजमधलं कुठलं वाक्य बदलतं, हे लिहायचं. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ती गोष्ट खोडायची. "हॉटेल 1998 पासून आहे" असं त्यांच्या पाटीवर होतं. वाचायला छान, पण त्याने आमचं कुठलंच वाक्य बदलत नव्हतं. खोडलं.

पहिली गोष्ट, वाचणारा कोण. इथे बरेच जण फसतात. हॉटेलच्या बिलाचा फोटो पुष्कळदा कुणीतरी गूगल मॅपवर टाकलेला असतो. त्यावर जीएसटी नंबर असतो आणि अन्न परवान्याचा 14 आकडी एफएसएसएआय नंबरही असतो. जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता तो नंबर घालून शोधता येतं. व्यवसायाचं कायदेशीर नाव, चालू नाव, नोंदणीची तारीख, एकट्याचा धंदा की भागीदारी, एवढं कळतं. एफएसएसएआयचा नंबर त्यांच्या फॉसकॉस साइटवर पडताळला की पत्ताही जुळवून घेता येतो. मालवणी हॉटेलांची नावं एकमेकांसारखी असतात, म्हणून हे जुळवणं गरजेचं. नाहीतर कोथरूडच्या हॉटेलचा मेन्यू वाचून चिंचवडच्या हॉटेलला पत्र जायचं. मात्र जीएसटीवर दिसणारं नाव म्हणजे खरेदी करणारा माणूस नव्हे. नोंदणी आईच्या नावावर आणि गल्ल्यावर मुलगा, हे आपल्याकडे सर्रास आहे. तिथलं नाव उचलून "आदरणीय श्रीमती अमुक" म्हणून सुरुवात केली की पहिल्याच ओळीत कळतं, ही माहिती कुठूनतरी खणून काढलीय. म्हणून काकींनी दुपारी चारच्या सुमाराला सरळ फोन लावला. ती वेळ हॉटेलात जरा निवांत असते. "कोकम-नारळाची खरेदी कोण बघतं हो तुमच्याकडे?" एवढंच विचारलं. उत्तर आलं, "मॅनेजर बघतात, भाव मालक ठरवतात." म्हणजे मेसेज मॅनेजरना जाणार, पण त्यातली भावाची ओळ अशी हवी की ते ती तशीच मालकांपुढे धरू शकतील.

दुसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. ते सोलकढी कशी देतात? मेन्यूत पाहिलं, तर मासळीच्या थाळीसोबत वाटी येते आणि वेगळा ग्लासही मिळतो. पण थाळीच्या यादीत ती पहिल्या ओळीत आहे. यात बरंच काही दडलंय. ग्लास विकणारा हॉटेलवाला चवीचा आणि रंगाचा विचार करतो, कारण गिऱ्हाईक तेवढ्याचे पैसे मोजतं. थाळीसोबत वाटी देणारा वाटीमागे खर्च किती आला ते बघतो. म्हणजे लिटरचा भाव सांगून भागणार नाही, वाटीचा सांगायला हवा. काकींनी घरी करून मोजलं. त्यांचं आगळ लिटरभर नारळाच्या दुधाला साधारण 60 ते 70 मिली लागतं, म्हणजे लिटरच्या बाटलीत 100 मिलीच्या दीडशेच्या आसपास वाट्या होतात. आगळ किती दाट काढलंय आणि मीठ किती घातलंय यावर हे माप बदलतं. दुसऱ्याचं माप उचलू नका, आपलं आपण मोजा.

इथे एक सावधगिरी. मेन्यूचे फोटो गिऱ्हाइकांनी टाकलेले असतात आणि पुष्कळदा चार-चार वर्षं जुने असतात. फोटोची तारीख बघा, आणि शक्य असेल तर हॉटेलने स्वतः टाकलेला अलीकडचा मेन्यू धरा. दोघांत फरक असेल तर त्या मुद्द्यावर विधान करू नका, प्रश्न विचारा.

तिसरी गोष्ट गिऱ्हाईक काय म्हणतं. गूगलवरची परीक्षणं "नवीन आधी" असं लावून त्यांत सोलकढी शब्द शोधला. गेल्या काही महिन्यांतल्या दोघा-तिघांनी लिहिलं होतं की कधी मस्त असते, कधी खारट लागते. आता हे हातात आलं की माणसाचे हात शिवशिवतात. "आपल्या सोलकढीबद्दल तक्रारी वाचल्या" असं लिहायचा मोह होतो. लिहू नये. अनोळखी माणसाने येऊन आपल्या कालवणात खोट काढलेली कुणाला आवडेल? शिवाय खारटपणा आगळामुळेच आहे हे आपल्याला माहीत नाही, आचाऱ्याने वरून मीठ घातलं असेल. माहिती वापरायची ती आपल्या मालाबद्दल बोलताना. आमचं वाक्य झालं, "प्रत्येक खेपेला मिठाचं प्रमाण वजनाने सारखं ठेवतो, बाटलीवर खेपेचा क्रमांक असतो." ज्याला हा त्रास आहे त्याला बरोबर कळतं.

रंगाचंही तसंच. फोटोत सोलकढी भडक गुलाबी दिसत होती. काकी ठामपणे म्हणाल्या, "ह्यात बीट घातलेला." असेलही. पण मोबाइलचा कॅमेरा, ट्यूबलाइट आणि फिल्टर मिळून साध्या सोलकढीलाही लग्नातल्या पैठणीचा रंग देतात. हा अंदाज पानावर चढलाच नाही.

चौथी गोष्ट, अलीकडे काय बदललं. त्यांच्याच इन्स्टाग्राम पानावर महिन्याभरापूर्वी दुसऱ्या शाखेची घोषणा होती. म्हणजे माल दोन ठिकाणी लागू शकतो. पण दोन्हीकडे वेगळं स्वयंपाकघर आहे की एकाच ठिकाणी करून पाठवतात, ते कुठेच दिसलं नाही. हा मेसेजमधला प्रश्न झाला.

पाचवी, वेळ. मासळीच्या हॉटेलचं वर्ष वेगळं चालतं. जून-जुलैत मासेमारी बंद, त्याच सुमारास गटारीची झुंबड, मग श्रावणात गिऱ्हाईक रोडावतं. गटारीच्या आठवड्यात आगळाचा मेसेज कोण उघडणार? आणि रविवारी दुपारी तर नाहीच. रातांबे म्हणजे कोकमाची फळं एप्रिल-मेमध्ये उतरतात, ताजं आगळ मे अखेरीला तयार होतं. म्हणून मेचा शेवटचा आठवडा, मंगळवार किंवा बुधवार, दुपारी चार.

शोधताना आणखीही बरंच दिसलं होतं. मालकांच्या मुलीचं लग्न नुकतंच झालंय, त्यांचं मूळ गाव आमच्यापासून फार लांब नाही, असं सगळं. काकींना गावाचं लिहायचंच होतं, "गाववाले म्हटल्यार बरा दिसता." मी विचारलं, मालकांनी उलट विचारलं की तुम्हाला कसं कळलं, तर काय सांगाल? फेसबुकवर लग्नाचे फोटो बघितले म्हणून? काकींनी मान हलवली आणि ते राहिलं.

शेवटी गेलेला मेसेज असा:

"नमस्कार साहेब, मी कुडाळ तालुक्यातल्या महिला बचत गटातून बोलतेय. खरेदी आपण बघता असं हॉटेलच्या फोनवर कळलं. आपल्या मासळी थाळीत सोलकढीची वाटी असते असं मेन्यूत पाहिलं. आमच्या आगळाच्या एका लिटरमध्ये 100 मिलीच्या सुमारे 150 वाट्या होतात, त्या हिशेबाने वाटीचा भाव खाली दिलाय. मिठाचं प्रमाण प्रत्येक खेपेला वजनाने सारखं ठेवतो. नवीन शाखेची बातमी पाहिली. सोलकढी दोन्हीकडे वेगळी होते की एकाच ठिकाणी? त्याप्रमाणे पाच लिटरचे कॅन की लिटरच्या बाटल्या ते सांगता येईल. अर्धा लिटर नमुना पाठवू का?"

पाच गोष्टींपैकी वाचणाऱ्याला दिसतात तीन. वेळ पाठवण्यात खर्च झाली, परीक्षणं मिठाच्या वाक्यात विरघळली. भौगोलिक मानांकनाचा उल्लेख मुद्दाम टाळला. तो कोकमाला आहे हे खरं, पण ते शेजारच्या गटालाही सांगता येतं, आणि चिन्ह वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते.

एका हॉटेलामागे अर्धा तास धरा, त्याहून जास्त नको. दोनशे जणांना असं लिहिता येणार नाही, हे मान्य. मग दोनशे जणांना लिहू नका, पंधरा निवडा. अर्ध्या तासात पाच मिळाल्या नाहीत तर उरलेल्या जागा कल्पनेने भरायच्या नाहीत, मेसेज तेवढाच लहान करायचा. कोल्हापूरच्या त्या ज्यूस सेंटरचं तसंच झालं. मेन्यू नाही, परीक्षणं चारच, बोर्डाच्या फोटोत "कोकम" एवढाच शब्द. ते अमृत कोकमचं गोड सरबत देतात की आगळात साखर घालतात, कळायला मार्ग नव्हता. काकींनी लिहिलं, "आपल्या बोर्डावर कोकम पाहिलं. आपण तयार सिरप घेता की आगळ? आमच्याकडे दोन्ही आहे, चुकीचा नमुना पाठवायला नको म्हणून विचारते." त्याचं उत्तर अजून यायचंय.