बटर की तेल? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

"ताई, तुमच्या व्हॅनिला केकच्या कृतीप्रमाणे बटर आणि पिठीसाखर बीटरने चांगली वीस मिनिटं फेटली. तरी केक दडस झाला, तळाशी तेलकट लागला आणि दुसऱ्या दिवशी फ्रीजमधून काढला तर वीट! माझी जाऊ तेल घालून करते, तिचा तीन दिवस मऊ राहतो. मग हा खटाटोप सांगता तरी कशाला? – नागपूरहून एक वाचक"

नमस्कार. तुमच्या जाऊबाईंचं काही चुकत नाही. पण तुमच्या केकचं बिनसलं ते बटरमुळे नव्हे. नागपुरात उन्हाळ्यात वीस मिनिटं बीटर फिरवला, तिथे घोळ झाला.

फेटण्याचा हेतू बटर-साखर एकजीव करणं एवढाच नसतो. साखरेचे कण घट्टसर बटरमध्ये घुसतात आणि सोबत हवा ओढून नेतात. त्या हवेचे बारीक बुडबुडे बटर धरून ठेवतं. बेकिंग पावडर नवीन बुडबुडे पाडत नाही, आहेत तेच फुगवते. म्हणजे केकची जाळी भट्टीत जाण्याआधीच भांड्यात ठरलेली असते.

बटर हवा धरतं ते साधारण १८ ते २० अंशांना. बोट दाबलं की खळगा पडावा, पण बोटाला चकाकी लागू नये. बत्तीस-पस्तीस अंशांना तर ते वितळतंच. तुमच्या ओट्यावर मे महिन्यात तेवढं तापमान सहज असतं, त्यात बीटरच्या घर्षणाची ऊब वेगळी. पहिल्या चार-पाच मिनिटांत हवा भरली असेलही, पण पुढच्या पंधरा मिनिटांत ती निघून गेली. तळाशी तेलकट थर बसला तो याचाच पुरावा.

म्हणून घड्याळ न बघता भांड्यात बघा. पिवळं बटर फिकट, हस्तिदंती रंगाचं झालं, आकारमान वाढलं आणि मिश्रण बीटरच्या पात्यांना धरून राहिलं की थांबा. साखर बोटांना थोडी कणीदार लागली तरी चालते. मिश्रण चमकायला लागून भांड्याच्या कडेवरून घसरू लागलं तर भांडं दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि मग पुन्हा थोडं फेटा. उन्हाळ्यात मी भांड्याखाली बर्फाच्या पाण्याची परात ठेवते. आणि पिठीसाखर नको! तिचे कण इतके बारीक असतात की हवा ओढून नेणं त्यांना जमत नाही. साधी साखर मिक्सरवर दोन-तीनदा नुसती फिरवून बारीक रव्याइतकी करा. अंडी मात्र फ्रीजमधून काढून थेट घालू नका. गार अंड्याने बटर आखडतं आणि मिश्रण फाटतं. फाटलंच तर मोजलेल्या मैद्यातलाच चमचाभर घालून फेटा.

आता दुसऱ्या दिवशीच्या विटेकडे येऊ. बटर फ्रीजमध्ये घट्ट होतं, तसं ते केकच्या आतही घट्ट होतं. केक वाळलेला नसतो, गारठलेला असतो. तास-दीड तास बाहेर ठेवला की पुन्हा मऊ पडतो. तेल फ्रीजमध्येही पातळच राहतं, म्हणून जाऊबाईंचा केक गार असतानाही ओलसर लागतो. शिवाय तेल मैद्याच्या कणांभोवती चांगलं पसरतं, त्यामुळे ग्लुटेन कमी धरतं. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि सोळाएक टक्के पाणी असतं, तेल मात्र सगळंच स्निग्ध. म्हणून माझ्या कृतीतल्या १५० ग्रॅम बटरऐवजी १२० ग्रॅम तेल आणि दोन मोठे चमचे दूध घ्यावं लागेल. वजनाला वजन तेल ओतलंत तर केक जड आणि तुपकट होईल.

एक मात्र लक्षात ठेवा. तेल हवा धरत नाही, त्यामुळे तेल-साखर कितीही फेटली तरी वेळ फुकट. तिथे हवा अंड्यांत भरायची. तीन अंडी आणि १५० ग्रॅम साखर इतकी फेटा की वरून पडणारी धार क्षणभर रिबिनीसारखी दिसावी. मग धार धरून तेल, दूध, आणि शेवटी मैदा हलक्या हाताने.

माझं मत विचाराल तर चॉकलेट, गाजर किंवा क्रीम लावून फ्रीजमध्ये ठेवायचा केक, यांना तेलच. कोको आणि मसाल्यांपुढे बटरची चव कुणाला कळणार? पण साध्या व्हॅनिला किंवा टुटीफ्रुटीच्या केकमध्ये चव बटरचीच असते, आणि ती बारीक, एकसारखी जाळी तेलाने येत नाही. तो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, बाहेरच ठेवून संपवावा. नागपूरच्या उकाड्यात दोन्ही साधायचं असेल तर १०० ग्रॅम बटर साखरेबरोबर वर सांगितल्याप्रमाणे फेटा, अंडी एकेक करून घाला आणि त्यानंतर ४० ग्रॅम तेल धारेने सोडा. वासासाठी शेंगदाण्याचं नको, सूर्यफुलाचं घ्या.