पडदा कधी उचलला जातो? एका प्रतिक्रियेला उत्तर

कायद्याच्या नजरेत कंपनी मालकापासून वेगळी, म्हणून तिची देणी मालकाच्या अंगावर येत नाहीत, असं मी लिहिलं होतं. कंपनी आणि मालक यांच्यातल्या या आडोशाला पडदा म्हणतात, आणि कोर्ट तो बाजूला सारून मागच्या मालकाकडे बघतं तेव्हा पडदा उचलला असं म्हणतात. त्यावर एका वाचकाची ही प्रतिक्रिया:

«कंपनी मालकापासून वेगळी, हे तुमचं वाक्य पुस्तकी आहे. कोर्टाच्या मनात आलं की पडदा उचलतात, नाही आलं की नाही. आमच्या कारखान्यात कामगारांची देणी थकली आणि मालक आरामात आहे. मग कायदा कुणासाठी?»

तुमचा राग समजतो, पण ‘मनात आलं की’ हे मला पटत नाही. कामगारांचेच दोन खटले बघा. एक ते जिंकले, एक हरले.

पहिला भावनगरच्या असोसिएटेड रबर इंडस्ट्रीचा. कंपनीने दुसऱ्या एका कंपनीचे शेअर घेतले होते. त्यांचा लाभांश तिच्या नफ्यात धरला जाई, आणि नफ्यावर कामगारांचा बोनस ठरे. पुढे कंपनीने आपल्याच शंभर टक्के मालकीची उपकंपनी काढली आणि ते शेअर तिच्या नावावर केले. लाभांश उपकंपनीकडे गेला, मूळ कंपनीचा नफा घटला आणि १६ टक्के मिळणारा बोनस १९६९ सालासाठी ४ टक्क्यांवर आला. कागदोपत्री सगळं चोख होतं. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने विचारलं ते एवढंच, की ही उपकंपनी करते काय? शेअर सोडून तिच्याकडे मालमत्ता नव्हती, लाभांश सोडून उत्पन्न नव्हतं, धंदा तर नव्हताच. बोनस कमी करण्यापलीकडे तिचं प्रयोजन दिसेना. मग तो लाभांश मूळ कंपनीच्या नफ्यात धरूनच बोनस काढायला लावला. उपकंपनी रद्द केली नाही, हे लक्षात घ्या. त्या एका हिशेबापुरतीच ती बाजूला सारली.

दुसरा बलवंतराय सलुजा खटला, २०१४ चा. दिल्ली विमानतळावरची एअर इंडियाची कॅन्टीन हॉटेल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया चालवत होती. तिची सगळी मालकी तेव्हा एअर इंडियाची होती. आम्हाला एअर इंडियाचे कर्मचारी माना, अशी कॅन्टीन कामगारांची मागणी होती. ती फेटाळली गेली. नुसती मालकी आणि नियंत्रण पुरत नाही. जबाबदारी चुकवण्यासाठी कंपनीचा मुखवटा वापरला, हे दिसायला हवं. हॉटेल कॉर्पोरेशनला तर स्वतःचा खराखुरा धंदा होता. निकाल कामगारांना कडू लागला असणार, मलाही लागतो, पण तर्क पहिल्या खटल्याशी सुसंगत आहे.

आता तुमचा कारखाना. धंदा बसला आणि देणी थकली, एवढ्यावर मालकाच्या बंगल्याला हात लागत नाही. (बँक डायरेक्टरचं घर जप्त करते ते बहुधा त्याने वैयक्तिक हमीवर सही केलेली असते म्हणून. तिथे पडद्याचा संबंधच नाही.) तुम्ही शोधायचं ते वेगळं: देणी थकायला लागल्यावर यंत्रं, जमीन किंवा ऑर्डरी त्याच घरातल्या दुसऱ्या कंपनीकडे गेल्या का? कोणत्या तारखेला, किती किमतीला? ती कंपनी स्वतः काही बनवते का? ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्रं कंपनी निबंधकाकडे फी भरून कुणालाही पाहता येतात. दोन्ही कंपन्यांची मागवा आणि तारखा शेजारी-शेजारी मांडून वकिलाकडे जा.