परीक्षकाला थांगपत्ता लागू न देणारा गोषवारा कसा लिहावा

परिषदेनं तुम्हाला शोधनिबंधाच्या गोषवाऱ्यासाठी अडीचशे शब्द दिले आहेत. घाबरू नका. हे शब्द काटकसरीनं आणि विचारपूर्वक वापरले, तर तुम्ही नेमकं काय केलं याचा सुगावा कोणालाही लागू न देता तुम्ही शेवटच्या पूर्णविरामापर्यंत सुखरूप पोहोचू शकता. नुकताच परीक्षणाला आलेला एक नमुना आदर्श म्हणून समोर ठेवू. कोणाची ओळख पटू नये म्हणून यंत्र आणि आकडे बदलले आहेत. थाट मात्र मूळचाच.

"चौथ्या औद्योगिक क्रांतीच्या आजच्या युगात यंत्रांची विश्वासार्हता हा अत्यंत महत्त्वाचा विषय बनला आहे. पंप हे उद्योगाचे हृदय मानले जाते. या क्षेत्रात अनेक संशोधकांनी मोलाचे कार्य केले असले तरी अजून बराच वाव आहे. प्रस्तुत निबंधात एक अभिनव, सर्वसमावेशक आणि कार्यक्षम डीप लर्निंग आराखडा मांडला आहे. विस्तृत प्रयोगांती ९७.२ टक्के अचूकता साधली असून पारंपरिक पद्धतीच्या तुलनेत २५ टक्के सुधारणा दिसून आली. निष्कर्षांची सविस्तर चर्चा निबंधात केली आहे. भविष्यात ही पद्धत अधिक व्यापक करण्याचा मानस आहे."

वा! आता ही कला आपण पायरीपायरीनं शिकू.

सुरुवात युगापासून करावी. युग नसेल तर 'अलीकडच्या काळात'. पहिलं वाक्य जमलं की नाही हे पाहण्याची सोपी खूण अशी: त्यातला 'पंप' काढून 'पूल', 'बॅटरी' किंवा 'मधुमेह' घातला आणि वाक्य तितक्याच डौलानं उभं राहिलं, तर समजा जमलं. वरच्या नमुन्यातली पहिली तिन्ही वाक्यं या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवतात. चुकूनही असं लिहू नका: "बेअरिंगला सुरुवातीचा तडा जातो तेव्हा कंपनातला बदल इतका बारीक असतो की ठरावीक पातळीवर वाजणारा इशारा तो टिपत नाही." हे वाक्य बिघडलेलं आहे. काय बिघडतं, आज कोणता उपाय वापरतात आणि तो कुठे कमी पडतो, हे सगळं त्यात एका दमात कळतं. शिवाय ते मधुमेहाला लावता येत नाही.

पद्धतीचं वर्णन विशेषणांनी करावं, क्रियापदांनी नाही.

'अभिनव' किमान एकदा. 'सर्वसमावेशक' ऐच्छिक.

पद्धतीत काय घातलं, त्याचं काय केलं, कशावर तपासलं आणि कशाशी तुलना केली, या चार प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर निसटू देऊ नका. 'आराखडा' हा शब्द यासाठी फार गुणी आहे. आराखड्यात काहीही मावतं आणि बाहेर काहीच दिसत नाही.

क्रमाची फिकीर नको. समस्या, पद्धत, निष्कर्ष, मर्यादा ही ओळ सरळमार्गी माणसांसाठी आहे. निष्कर्ष आधी सांगितला की वाचणाऱ्याच्या हातात एक आकडा येतो, पण तो कोणत्या मापानं जोखायचा हे माहीत नसतं, आणि अशा वेळी प्रत्येक आकडा मोठाच वाटतो. काही वैद्यकीय नियतकालिकांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून गोषवाऱ्याला ठरावीक उपशीर्षकंच लावायला सुरुवात केली, म्हणजे कप्पा रिकामा राहिला तर लगेच उघडा पडतो. तुमच्या परिषदेनं सलग परिच्छेद मागितला असेल, तर या भाग्याचा पुरेपूर फायदा घ्या.

आता मुख्य विद्या, निष्कर्षाची. इथे जरा सावकाश जाऊ.

आकडा द्यावा, पण एकटा. ९७.२ टक्के. 'कशाचे?' असं कोणी विचारलं तर 'अचूकतेचे'. प्रत्यक्षात काय होतं ते निबंध उघडल्यावर दिसतं. कंपनाच्या नोंदींचे एकेक सेकंदाचे १०,००० तुकडे होते. त्यातले ९,६०० निरोगी पंपाचे, ४०० बिघडलेल्याचे. म्हणजे काहीही न मोजता प्रत्येक तुकड्यावर 'सगळं ठीक आहे' असा रबरी शिक्का मारत सुटलात, तरी अचूकता ९६ टक्के! एकही बिघाड न पकडता. डीप लर्निंगनं, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या न्यूरल नेटवर्कनं, त्या रबरी शिक्क्यावर १.२ टक्केबिंदूंनी मात केली. हे गोषवाऱ्यात लिहिलं असतं तर थाट राहिला असता का?

मग त्या ९७.२मध्ये खरोखर काय दडलंय? ४००पैकी २०० बिघाड सापडले, २०० निसटले. शिवाय ८० वेळा निरोगी पंपावर खोटा इशारा वाजला. एकूण चुका २८०, म्हणून अचूकता ९७.२. बिघाड शोधण्यासाठी बांधलेली पद्धत निम्मे बिघाड सोडून देते, आणि गोषवारा म्हणतो ९७.२! ठरावीक पातळीवरचा जुना इशारा तितक्याच ८० खोट्या इशाऱ्यांत १६० बिघाड पकडतो. १६० वरून २०० म्हणजे २५ टक्क्यांची वाढ, हिशोब बरोबर आहे. पण शेकड्यात सांगायचं तर ४० वरून ५०, म्हणजे फरक दहाच टक्केबिंदूंचा. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्हीतलं मोठं निवडावं आणि मूळ आकडे दाबून ठेवावेत. "४००पैकी १६० ऐवजी २००" एवढं लिहायला फक्त चार शब्द लागतात. ते चार शब्द 'उद्योगाचे हृदय' या ओळीत खर्ची पडले.

आणि तरी एक वेळ हेही चाललं असतं हो. दहा टक्केबिंदू काही वाईट नाहीत. पण ते दोनशे आले कुठून? पंप होते चार. प्रत्येकाचे २,५०० तुकडे. सगळे एकत्र कालवले, पत्ते पिसतात तसे पिसले, आणि शिकवण्यासाठी व तपासण्यासाठी वाटले. म्हणजे एकाच पंपाचा तिसरा सेकंद शिकवताना दाखवला आणि चौथा सेकंद परीक्षेत विचारला. प्रत्येक पंपाची कंपनाची स्वतःची एक चाल असते, पायाच्या बोल्टांपासून पाइपांच्या जोडणीपर्यंत सगळ्यातून आलेली. प्रणाली बिघाड ओळखायला शिकली की पंप ओळखायला, हे अशा परीक्षेतून कळतच नाही. प्रश्नपत्रिका आदल्या रात्री हातात दिलेल्या मुलाच्या गुणांचं कौतुक करावं, तसं हे कौतुक. हे टाळायचं तर तीन पंपांवर शिकवायचं, चौथ्यावर तपासायचं, आणि असं चारदा फिरवायचं.

त्यांनी तेही केलं होतं! आठव्या पानावर, सारणी ७मध्ये, 'अतिरिक्त प्रयोग' या नावाखाली. अनोळखी पंपावर, तेवढ्याच ८० खोट्या इशाऱ्यांत, ४००पैकी १५० बिघाड सापडले. जुन्या इशाऱ्याला सापडले होते १६०. नवी पद्धत नव्या पंपावर जुन्यापेक्षा वाईट चालते, हा त्या निबंधातला सगळ्यात उपयोगी निष्कर्ष होता, आणि गोषवाऱ्यात त्याचा मागमूस नाही.

असो. शांतपणे मर्यादांकडे वळू.

मर्यादा लिहू नयेत. त्यांच्या जागी 'भविष्यातील काम' लिहावं. 'ही पद्धत व्यापक करण्याचा मानस आहे' या वाक्यात आज ती व्यापक नाही ही कबुली दडलेली असते, पण ती संकल्पाच्या वेषात फिरते. इथे बिघाड नैसर्गिक नव्हते. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यात मुद्दाम भोक पाडलं होतं. बेअरिंगची गोळी वरून गेली की स्वच्छ कडांचं भोक दर वेळी ठणठणीत ठोका देतं. धातू हळूहळू सोलवटत जातो तेव्हा सुरुवातीचे ठोके दबके आणि अनियमित असू शकतात. चारही पंप एकाच बनावटीचे आणि एकाच वेगाला चालवलेले. 'मानस' या एका शब्दात हे सगळं सुखानं झोपी जातं.

'अधिक विदेची गरज आहे' हीसुद्धा छान मर्यादा आहे. ती सगळ्यांनाच असते.

गोषवारा पहिल्या मसुद्यावरून लिहावा आणि नंतर त्याला हात लावू नये. सारण्यांमधले आकडे बदलले तर बदलू देत. १९९९मध्ये सहा वैद्यकीय नियतकालिकांच्या गोषवाऱ्यांची अशी पडताळणी झाली, तेव्हा निबंधाशी न जुळणारी किंवा निबंधात सापडतच नसलेली माहिती असलेले गोषवारे नियतकालिकागणिक १८ ते ६८ टक्के निघाले. परंपरा मोठी आहे, ती मोडू नका.

पुरे. हे आता हसण्यावारी नेण्यासारखं राहिलेलं नाही.

अहो, नमुन्याचे लेखक, तुमच्या निबंधाचा बहुतेकांनी वाचलेला भाग हाच असणार आहे. सारणी ७पर्यंत कोण जाणार? तुमच्या ९७.२वर भरवसा ठेवून कोणीतरी ही पद्धत पाचव्या पंपाला जोडेल आणि निम्म्याहून जास्त बिघाड निसटू देईल. २०१०मध्ये तपासलेल्या उपचारांच्या ७२ चाचण्यांचे मुख्य निष्कर्ष सांख्यिकीदृष्ट्या सिद्ध झालेले नव्हते. तरी त्यांतल्या ५८ टक्के गोषवाऱ्यांच्या समारोपात यशाचा रंग चढवलेला आढळला. तुम्हीही तेच केलंत.

पाठवण्याआधी गोषवारा छापा आणि प्रत्येक वाक्यासमोर एक अक्षर लिहा: समस्येला स, पद्धतीला प, निष्कर्षाला नि किंवा मर्यादेला म. जिथे अक्षर सुचत नाही ते वाक्य खोडा. तुमच्या नमुन्यात सातपैकी पाच वाक्यं खोडली जातील. उरलेली अक्षरं स, प, नि, म याच क्रमानं आली पाहिजेत आणि चारही असली पाहिजेत. मग प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून विचारा: कितीपैकी? कशाच्या तुलनेत? कोणत्या सारणीत? उत्तर गोषवाऱ्यात नसेल तर आकडा अपुरा आहे, सारणीत नसेल तर चुकीचा. शेवटी निबंधातला तुम्हाला सगळ्यात अडचणीचा वाटणारा आकडा शोधा आणि तो गोषवाऱ्यात आहे का ते बघा.

तुमचाच गोषवारा, तुमच्याच आकड्यांनी:

"बेअरिंगमधल्या सुरुवातीच्या बिघाडाने कंपन फारसे वाढत नाही, म्हणून ठरावीक पातळीचा इशारा अनेक बिघाड टिपत नाही. एका बनावटीच्या चार पंपांच्या कंपनाचे एकेक सेकंदाचे १०,००० तुकडे (४०० बिघाडाचे) वापरून आम्ही न्यूरल नेटवर्क शिकवले आणि त्याची या इशाऱ्याशी तुलना केली. दोन्हींना ८० खोटे इशारे मान्य केल्यास, शिकवताना पाहिलेल्या पंपांवर नेटवर्कने २०० बिघाड पकडले, इशाऱ्याने १६०. न पाहिलेल्या पंपांवर नेटवर्कचे १५० झाले. बिघाड भोक पाडून केलेले होते आणि वेग एकच होता. नैसर्गिक झिजेवर किंवा बदलत्या वेगावर पद्धत तपासलेली नाही."

शंभर शब्दांच्या आत बसलं. उरलेल्या दीडशेत तुमचं युग बसवायचं असेल तर बसवा, पण आधी सारणी ७ वर आणा.