रविवारी पूल बंद का केला

रिव्ह्यू: "पूलला क्लोरीनचा इतका उग्र वास की मुलांचे डोळे लाल झाले. किती क्लोरीन ओततात देव जाणे. त्यात रविवारी संध्याकाळी ५ लाच पूल बंद, सोमवारी सकाळी पण बंद. गार्डने आमच्या ८ वर्षांच्या मुलाला एकट्याला पाण्यात सोडलं नाही, मग गार्ड ठेवलाय कशाला? पैसे वाया."

ताई नमस्कार, मुलांच्या डोळ्यांना त्रास झाला हे वाचून खरंच वाईट वाटलं. साध्या पाण्याने धुतल्यावर बहुतेक वेळा काही तासांत कमी होतं, पण अजून लाली असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना नक्की दाखवा.

आता वासाचं सांगतो, कारण इथे जवळजवळ सगळ्यांचाच गैरसमज होतो. तो उग्र वास जास्त क्लोरीनचा नसतो. क्लोरीनची घामाशी, लघवीशी, अंगाला लावलेल्या क्रीमशी गाठ पडली की क्लोरामाइन नावाची गोष्ट तयार होते, वास तिचा असतो आणि डोळे पण तीच झोंबवते. म्हणजे वास आला तर समजायचं की जंतू मारायला मोकळं असलेलं क्लोरीन संपत आलंय. म्हणून आम्ही नुसता पिवळा रंग दाखवणारा स्वस्त किट वापरत नाही, त्यात मोकळं आणि अडकलेलं क्लोरीन एकत्रच दिसतं, आकडा चांगला दिसतो आणि पाणी मात्र खराब असतं. आमच्याकडे गुलाबी रंगाचा डीपीडी किट आहे, त्यात दोन्ही वेगवेगळं कळतं. सकाळी पूल उघडायच्या आधी, दुपारी आणि गर्दी असेल तेव्हा मधे पण बघतो. मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम, म्हणजे लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम, आणि पीएच ७.२ ते ७.६ मधे हवा. पीएच ८ च्या वर गेला तर तेवढंच क्लोरीन जेमतेम पाव ताकदीने काम करतं, त्यामुळे नुसता क्लोरीनचा आकडा बघून भागत नाही.

त्या रविवारी दुपारपर्यंत पूल फुल होता, बरेच जण शॉवर न घेता थेट बीचवरून येऊन उतरले. ५ वाजता मोकळं क्लोरीन ०.८ आलं आणि एकूण २, म्हणजे १.२ क्लोरामाइनमधे अडकलेलं, जे ०.४ च्या वर गेलं की आम्ही उपाय करतो. थोडंसं क्लोरीन टाकून हे सुटत नाही उलट वास वाढतो, अडकलेल्याच्या साधारण १० पट एकदम द्यावं लागतं, म्हणजे १२ पीपीएम. आपला पूल ६० हजार लिटरचा आहे, त्याला ७२० ग्रॅम क्लोरीन लागतं आणि आमची पावडर ६५ टक्क्यांची असल्यामुळे साधारण १ किलो १०० ग्रॅम. ती पाण्याच्या बादलीत थोडी थोडी टाकून विरघळवतात (पावडरवर पाणी कधीच ओतायचं नाही, एकदम तापून उडू शकतं) आणि सूर्य मावळल्यावर टाकतात कारण उन्हात क्लोरीन उडून जातं. मग पंप रात्रभर चालू. एवढं क्लोरीन पाण्यात असताना कुणालाच उतरवता येत नाही, म्हणून पूल बंद. सोमवारी सकाळी मोकळं ५ होतं, वास गेला होता पण ३ च्या खाली येईपर्यंत थांबलो, उन्हाने उतरून ११ ला उघडला. तुम्ही १० ला चेकआउट केलं होतं त्यामुळे तुम्हाला मिळाला नाही, त्याची हळहळ आम्हालाही आहे, पण तेव्हा मोकळं क्लोरीन अजून ३ च्या वर होतं आणि तेवढ्यात आम्ही कुणालाच उतरवत नाही.

गार्डचं म्हणाल तर त्याला मी स्वतः सांगून ठेवलंय की १२ वर्षांखालचं मूल आई किंवा बाबा पाण्यात किंवा काठावर हाताच्या अंतरावर असल्याशिवाय उतरू द्यायचं नाही, ट्यूब घातली असली तरी नाही. आपला पूल एका बाजूला ३ आणि दुसऱ्या बाजूला ५ फूट आहे, ८ वर्षांच्या मुलाला ५ फुटात पाय टेकत नाहीत. आणि लोकांना वाटतं बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो. पोरं बहुतेक वेळा आवाजच करत नाहीत, तोंड पाण्याच्या लेव्हलला, डोकं मागे, हाताने पाणी खाली दाबत असतात आणि लांबून खेळतायत असंच वाटतं, आणि मिनिटभरही वेळ नसतो. गार्ड एक, पूलमधे २० जण, त्याची नजर दुसरीकडे वळली की तेवढ्यात होऊ शकतं. तो वाचवायला आहे, मुलावर सतत नजर ठेवणारं माणूस मात्र घरचंच लागतं. मोबाइल बघत काठावर बसलेल्या पालकांनाही तो टोकतो, त्याचा राग येतो हे मला माहितीये आणि तरी त्याने टोकावं असंच मी म्हणेन.

रीडिंगचं रजिस्टर रिसेप्शनला असतं, कुणीही मागून बघू शकतं, रविवार सोमवारचं पान हवं असेल तर फोटो पाठवतो. परत आलात तर मुलांना पाण्यात जायच्या आधी साबण लावून शॉवर आणि टॉयलेट, आणि पोहायला नायलॉनचे कपडे द्या, कॉटनचे टीशर्ट ओले होऊन जड होतात आणि त्यांचे धागे फिल्टरमधे अडकतात.