आईचा दिनक्रम चोख आहे, तरी ती उदास का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

वाचकाची प्रतिक्रिया: "तुमचा लेख वाचून चीड आली. दिनक्रम लावा, गटात जा, की मन रमलंच! माझी आई ७४ वर्षांची. बाबा गेल्यापासून तीन वर्षं एकटी राहते. तिचा दिनक्रम घड्याळाला लाजवेल असा आहे. ज्येष्ठांच्या गटातही पाठवलं. चार वेळा गेली आणि म्हणाली, 'तिथे मला जास्तच एकटं वाटतं.' मी रोज दोनदा फोन करते, उत्तर ठरलेलं, 'मी बरी आहे.' असले लेख म्हणजे लांब राहणाऱ्या मुलांनी मनाची समजूत घालायची सोय. खरा उपाय एकच, आईला आपल्याकडे घेऊन येणं. ते लिहायची हिंमत दाखवा."

उत्तर:

ताई, चिडून का होईना, एवढं तपशिलात लिहिलंत ते फार बरं केलंत. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांबरोबर मी समुपदेशनाचं काम करते, आणि तुमच्या प्रतिक्रियेत मी अडखळले ती आईंच्या वाक्यापाशी. गटात जास्त एकटं वाटतं असं कुणी म्हणालं, की मनाचा विचार करण्याआधी मी कानाचा विचार करते.

वयोमानाने ऐकू येणं कमी होतं ते सगळ्या आवाजांचं एकदम होत नाही. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीतले, ते ऐकू येत राहतात, पण स, श, फ, थ अशी व्यंजनं पुसट होत जातात. त्यामुळे 'मला चांगलं ऐकू येतं' असं माणूस म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. आवाज पोचतो, शब्द लागत नाही. शांत खोलीत समोरासमोर किंवा कानाला लावलेल्या फोनवर हे पुष्कळदा निभावून जातं, म्हणून तुम्हाला फोनवरून काही जाणवेलच असं नाही. पण आठ-दहा माणसं एकमेकांच्या बोलण्यात बोलत असली, वर पंखा फिरत असला, की गप्पांचा धागा सुटतो. पुढच्या वेळी प्रत्यक्ष भेटाल तेव्हा चारचौघांत आईंकडे बघत बसा. सगळे हसल्यावर क्षणभर उशिरा हसतात का? प्रश्न विचारला तर नुसतं 'हो, हो' म्हणतात का? असं दिसलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. ते आधी कानात मळ साठलाय का ते बघतील, मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी होईल. श्रवणयंत्र लागलंच तर त्याची सवय व्हायला काही आठवडे जातात. सुरुवातीला घरातच, एकाच माणसाशी बोलताना लावायचं. पहिल्याच दिवशी ते लावून गटात गेलेल्यांची यंत्रं पुढे कपाटात पडलेली मी पुष्कळ पाहिली आहेत.

कान ठणठणीत निघाले, तर मात्र प्रश्न कुठल्या एकटेपणाचा आहे हे बघावं लागेल. रॉबर्ट वाइस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दोन प्रकार वेगळे केले. एक, जिवाभावाचं माणूस नसण्याचा. दुसरा, ओळखीपाळखीचा गोतावळा नसण्याचा. त्याचं म्हणणं असं, की एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. जोडीदार गेलेल्या बाईला वीस ओळखीचे चेहरे दिले, तर तिची पहिली उणीव आहे तिथेच राहते. उलट शेजारी जोडीने आलेले लोक बसले असतील तर ती जास्तच टोचते. अशा माणसाला गटापेक्षा एकच ठरलेलं माणूस लवकर उपयोगी पडतं: जुनी मैत्रीण, बहीण, शेजारीण, जिच्याशी बाबांबद्दलही बोलता येईल. गट नंतर, आणि तोही हाताला काम देणारा असावा. नुसत्या गप्पांच्या गटात नव्या माणसाला बोलायला विषय शोधावा लागतो.

आता दिनक्रम. १९८८ साली सिंडी एलर्स, एलेन फ्रँक आणि डेव्हिड कुफर या संशोधकांनी एक विचार मांडला. झोप, भूक, उत्साह यांची शरीरातली लय उजेड-अंधारावर चालते, तशीच ती माणसांमुळे ठरणाऱ्या वेळांवरही चालते. कुणाबरोबर तरी उठायचं, कुणासाठी तरी पान वाढायचं, कुणाच्या येण्याची वाट बघायची. जोडीदार गेला की यातल्या कितीतरी वेळा एकदम गळून पडतात आणि लय विस्कटते. तुमच्या आईंनी ती पुन्हा बसवली, ही मोठीच गोष्ट आहे. पण त्या चोख दिवसात माणसं किती? आज मी तिथे गेले नाही तर कुणीतरी 'आज का आल्या नाहीत' म्हणून विचारेल, अशी त्यांची आठवड्यातली ठिकाणं मोजा. शून्य आलं, तर तो कामांचा दिनक्रम आहे. त्याने घर चालतं, मन चालेलच असं नाही.

एक उदाहरण सांगते. ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. ७६ वर्षांचे गृहस्थ, हिशेबनीस म्हणून निवृत्त, पत्नी गेलेली, मुलगा-मुलगी दोघंही परदेशी. 'सकाळ नको वाटते' ही त्यांची तक्रार. त्यांना एक आठवडा तक्ता भरायला दिला. दर तासाला एक ओळ: काय केलं, कुणाबरोबर, आणि मन कसं होतं ते ० ते १० मध्ये. हिशेबाचा माणूस, त्यांनी तो नीट भरला. निघालं भलतंच. सकाळी आकडा चार-पाच असायचा आणि दुपारी तीन ते सहा सरळ दोनवर यायचा. जेवण बाराला, मग दोन तास झोप, आणि उठल्यावर रात्रीपर्यंत रिकामी वेळ. दुपारच्या झोपेमुळे रात्रीची झोप उशिरा, म्हणून सकाळी अंग जड, आणि दोष सकाळच्या माथी! मात्र एका दुपारी आकडा सहावर होता. त्या दिवशी खालच्या मजल्यावरचा आठवीतला मुलगा टक्केवारीची गणितं घेऊन आला होता.

त्या एका ओळीवर पुढचं सगळं उभं केलं. दुपारची झोप गजर लावून अर्ध्या तासावर आणली. आठवड्यातून तीन दिवस साडेचारला त्या मुलाचं गणित, उरलेल्या दिवशी त्याच वेळेला एका परिचितांबरोबर फेरी. अट एकच होती: इच्छा असो-नसो जायचं, आणि जाण्याआधी व आल्यावर आकडा लिहायचा. उदास मन 'बरं वाटलं की जाईन' म्हणतं आणि ते वाटणं येतच नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पीटर लेविनसन यांनी १९७० च्या दशकात नैराश्याच्या उपचारात यावरच भर दिला होता: आधी कृती, मग मन. गृहस्थांचा जाताना तीन आणि येताना पाच असा आकडा सारखा येऊ लागला. माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता, स्वतःच्या आकड्यांवर बसला.

पुढे शाळेला सुट्टी लागली, मुलगा आजोळी गेला, गुडघा दुखतो म्हणून फेरीही थांबली, आणि थोड्याच दिवसांत हे पुन्हा दुपारभर अंथरुणात. म्हणून ठरलेलं माणूस कधी एकच ठेवू नये, आणि गुडघ्याच्या दिवसासाठी घरबसल्या होईल असा पर्याय आधीच ठरवून ठेवावा. त्यांनी नंतर मुलाला सुट्टीत फोनवर कोडी घालायला सुरुवात केली.

तुमच्या दोन फोनांबद्दल. 'जेवलीस का, औषध घेतलंस का' हे हजेरी घेण्याचे प्रश्न, त्यांना 'मी बरी आहे' हेच उत्तर येणार. एक फोन तसाच राहू द्या, दोन मिनिटांचा. दुसरा आईंच्या सगळ्यात वाईट तासाला करा. त्यांनाही असा आठवडाभराचा तक्ता भरायला द्या, त्यावरून तो तास कळेल. आणि त्या फोनवर त्यांच्याकडे काहीतरी मागा. त्या गृहस्थांची मुलगी आपल्या घरखर्चाचा दर महिन्याचा हिशेब त्यांना तपासायला पाठवू लागली. ते चुका काढत, दोघांचं भांडण होई, आणि फोन पाऊण तास चाले. आणखी एक, जरा आगाऊपणाने विचारते: तुमचं काही बिनसलेलं तुम्ही आईंना सांगता का? मुलगी रोज 'मी मजेत' म्हणत असेल तर आईही तेच म्हणणार.

हे सगळं साध्या उदासीला पुरतं, नैराश्याच्या आजाराला पुरत नाही. म्हातारपणी हा आजार पुष्कळदा 'मी दुःखी आहे' असं म्हणतच नाही. अंग दुखतं, पोट बिघडतं, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, काही लक्षात राहत नाही, अशा वाटेने येतो. चोख दिनक्रमाआडही तो लपतो: काम सगळं होतं, गोडी कशातच नसते. ज्येष्ठांसाठी १५ प्रश्नांची एक नैराश्य-मापनपट्टी १९८६ पासून वापरात आहे. उत्तरं हो किंवा नाही, विचार गेल्या आठवड्याचा. अंगदुखी-झोपेचे प्रश्न त्यात मुद्दाम नाहीत, कारण त्या तक्रारी वयामुळेही असतात. पाचच्या वर गुण आले तर डॉक्टरांकडे जायचं. निदान तेच करतील. थायरॉइड, बी-१२ आणि चालू असलेली औषधं तपासून घ्यायला सांगा, कारण यांच्यामुळेही मन खचतं. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला चार-सहा आठवडे लागतात, आठवड्याभरात बंद करू नका. आणि 'आता जगून काय करायचं' असं आई बोलल्या तर विषय बदलू नका. जीव द्यायचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते विचार डोक्यात येत नाहीत. उत्तर 'हो' आलं तर त्यांना एकटं ठेवायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

राहिला हिमतीचा मुद्दा. आई पडत असतील, औषधं दोनदा घेत असतील, गॅस चालू राहत असेल, तर आणाच, त्यात वाद नाही. पण कारण फक्त एकटेपणाचं असेल तर तुमच्या घरातला त्यांचा मंगळवार डोळ्यांपुढे आणा. तुम्ही कामावर, मुलं शाळेत, आई दहा तास अशा इमारतीत जिथे त्यांना नावाने ओळखणारं कुणी नाही. शेजारीण, ओळखीचे डॉक्टर, पायाखालचा रस्ता, सगळं मागे राहिलेलं. म्हणून आधी तीन महिने आणून बघा. रजा काढून नको, तुमचं रोजचं आयुष्य चालू ठेवून. त्यांचं घर भाड्याने देऊ नका, किल्ली त्यांच्याकडेच राहू द्या. त्यांच्या घरी एक आठवडा तक्ता भरलेला असेलच, तुमच्याकडे शेवटच्या महिन्यात पुन्हा भरायला सांगा आणि दोन्ही कागद आईंच्या हातात द्या. निर्णय त्यांना घेऊ द्या, आणि राहायचं ठरलं तरी घर विकायचं वर्षभर तरी काढू नका.