दोन लिटर दूध आणि आण्णा

साताऱ्यात राहून घरी खवा आटवायचा, म्हणजे नसता उद्योग. पण बायको म्हणाली, गुलाबजाम घरच्याच खव्याचे. रविवारी सकाळी दोन लिटर फुल क्रीम दूध जाड बुडाच्या पसरट कढईत ओतलं. पसरट एवढ्यासाठी की वाफ पटापट उडते. उभ्या पातेल्यात दुपार झाली असती.

उकळी येईपर्यंत आच मोठी, मग मध्यम. गोल गोल ढवळण्याला अर्थ नाही. सपाट तोंडाचं उलथणं बुडावरून खरवडत न्यायचं आणि कडेला धरलेली साय पुन्हा आत ढकलायची. पाऊण तासात दूध निम्मं झालं. पुढं ते बासुंदीसारखं दाट झालं की हात एक मिनिटही थांबवायचा नाही, हे मला माहीत होतं.

शेजारच्या आण्णांना मात्र माहीत नव्हतं.

"काय चाललंय?" दारातूनच.

"खवा आटवतोय."

"किती दूध?"

"दोन लिटर."

"आणि खवा किती निघंल?"

"चारशे ग्रॅम."

आण्णा आत येऊन खुर्चीवर बसले. नोकरीभर हिशेबाच्या वह्या तपासलेला माणूस. "मग बाकीचं कुठं जातंय?"

"पाणी असतं आण्णा. उडून जातं."

"म्हणजे पाण्याला पैसे दिले तुम्ही!"

आता दुधात शंभरातले पंच्याऐंशी भाग पाणीच असतं, हे यांना कसं समजवायचं? मी मान वळवून समजावत बसलो. अर्धं मिनिट, जास्त नाही. तेवढ्यात बुडाला लागलं. वास आला तसा मी हात आखडला, कारण तळ खरवडला की काळे कण सगळ्या खव्यात जातात. वरचं हलकेच दुसऱ्या कढईत ओतलं, आच बारीक केली आणि आण्णांकडं पाठ फिरवली.

"करपलं वाटतं," आण्णा म्हणाले. जणू मलाच नाक नव्हतं!

शेवटची दहा मिनिटं गप्प घोटलं. बुडबुडे मंदावले, कडा सुटल्या, गोळा उलथण्याबरोबर फिरायला लागला. जरा ओलसर असतानाच गॅस बंद केला. खवा गार होताना आणखी आळतो, आणि जास्त तापवला तर तूप सोडून रवाळ कोरडा होतो. दीड तास झाला होता. वजन भरलं 390 ग्रॅम, बाकीचा पहिल्या कढईला चिकटलेला.

आण्णांनी बोटांवर हिशेब मांडला. दूध 72 प्रमाणे 144 रुपये. बाजारचा खवा किलोला 400 धरला तर एवढ्याचे 156. "बारा रुपये वाचवले तुम्ही. त्यात गॅस धरायचा राहिला."

मग चिमूटभर खवा तोंडात टाकून म्हणाले, "रंग जरा कंदी पेढ्यासारखा आलाय. पण साखर इसरलात की!"

खव्यात साखर नसते, हे सांगायला माझ्यात जीव उरला नव्हता. जाताना मात्र ते वाटी मागून घेऊन गेले. "हिला दाखवतो," म्हणाले. आज मंगळवार. वाटी अजून आलेली नाही.