डोळ्यांचं चित्र लावलं की माणसं प्रामाणिक होतात?

फिरत असलेला दावा असा:

“इंग्लंडमधल्या एका युनिव्हर्सिटीत चहाच्या खोलीत नुसतं डोळ्यांचं चित्र लावलं आणि लोक डब्यात तिप्पट पैसे टाकायला लागले! म्हणजे कोणी बघतंय असं वाटलं तरच माणूस सरळ वागतो. सोसायटीत, दुकानात, पार्किंगमध्ये डोळ्यांचा फोटो लावा, कॅमेऱ्याचा खर्च वाचवा. हे विज्ञानाने सिद्ध झालंय.”

हा प्रयोग खरोखर झालेला आहे, हे आधीच मान्य करतो. न्यूकॅसल विद्यापीठातल्या मेलिसा बेटसन, डॅनियल नेटल आणि गिल्बर्ट रॉबर्ट्स या तिघांनी तो २००६ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या मानसशास्त्र विभागात चहा-कॉफीची सोय होती. आपलं आपण करून घ्यायचं आणि बाजूच्या डब्यात पैसे टाकायचे. चहाचे ३० पेन्स, कॉफीचे ५०, नुसतं दूध घेतलं तर १०. दरपत्रक भिंतीवर होतं आणि ही पद्धत प्रयोगाच्या कितीतरी आधीपासून चालू होती. प्रयोगात बदल एवढाच केला, की दरपत्रकाच्या वरच्या पट्टीत एका आठवड्यात डोळ्यांचं चित्र आणि पुढच्या आठवड्यात फुलांचं, असं आलटून पालटून दहा आठवडे छापलं.

कोणी किती कप प्यायले हे मोजायला तिथे कोणी उभं नव्हतं. म्हणून त्यांनी दुधाचा आधार घेतला: आठवड्यात किती लिटर दूध संपलं आणि डब्यात किती पैसे जमले, यांचा भागाकार. डोळ्यांच्या आठवड्यांत हा आकडा सरासरी २.७६ पट निघाला. ‘तिप्पट’ आलं ते इथून.

आता ही तिप्पट कशाची, ते बघू. एका कपात ३० मिलिलिटर दूध धरलं, तर लिटरभर दुधात तेहतीसेक कप होतात. सगळ्यांनी स्वस्तातला चहाच घेतला असं मानलं तरी लिटरमागे दहा पौंडांच्या आसपास जमायला हवेत. सगळ्यांनी फक्त दहा पेन्सवालं दूधच घेतलं असं मानलं, तरी तीन पौंडांच्या वर. प्रत्यक्षात सगळ्यात चांगल्या आठवड्यातसुद्धा, डोळे रोखून बघत असताना, लिटरमागे एक पौंडही जमला नव्हता. माझा हिशेब ढोबळ आहे. कोणी दूध जास्त ओततं, काही दूध नासत असेल, टाकूनही दिलं जात असेल. पण यातून प्रमाण कळतं. फुकट पिणाऱ्यांच्या विभागात थोडे कमी फुकट प्यायले, एवढंच त्या चित्राने साधलं. ‘लोक प्रामाणिक झाले’ हे फार मोठं वाक्य झालं.

दुसरं असं, की तुलना होती पाच आठवड्यांची पाच आठवड्यांशी. एकच खोली, सगळे मिळून ४८ जण, आणि हाताशी दहा आकडे. एखाद्या आठवड्यात दोन-तीन सढळ हाताची माणसं रजेवर गेली तरी आलेख हलतो. संशोधकांनी मांडणी नीट केली होती, त्यात खोट काढत नाही. पण दहा आकड्यांच्या निबंधावर जगभरच्या भिंती रंगवायच्या, ही जबाबदारी त्यांची नाही. ती फॉरवर्ड करणाऱ्यांची.

‘सिद्ध झालंय’ म्हणायचं तर पुढे काय झालं ते बघावं लागतं, आणि पुढची कहाणी दोन फाट्यांनी जाते. पहिला फाटा उदारपणाचा. एकाला पैसे द्यायचे आणि त्यातले अनोळखी माणसाला किती देतोस ते विचारायचं, असे प्रयोग संगणकाच्या पडद्यावर डोळे काढून अनेकांनी केले. सुरुवातीच्या काहींत फरक दिसला. २०१० साली अर्न्स्ट फेर आणि फ्रेडेरिक श्नायडर यांना तो दिसला नाही. २०१३ मध्ये स्पार्क्स आणि बार्कले यांनी सांगितलं, की चित्र थोडा वेळच समोर असेल तर परिणाम दिसतो, जास्त वेळ राहिलं की विरतो. हे पटण्यासारखं आहे. रोज दिसणाऱ्या चित्राकडे लक्ष जात नाही. मग २०१७ साली स्टेफनी नॉर्थओव्हर आणि सहकाऱ्यांनी असे सगळे प्रयोग एकत्र करून पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा चित्रांमुळे दानत वाढते याला आधार मिळाला नाही. ना दिलेल्या रकमेत, ना देणाऱ्यांच्या संख्येत.

दुसरा फाटा गैरवर्तनाचा, म्हणजे कचरा टाकणं, चोरी, फसवणूक. तिथे चित्र इतकं निकालात निघालेलं नाही. कीथ डिअर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १५ प्रयोगांचा एकत्र हिशेब केला, त्यात गैरवर्तनाची शक्यता सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. मला या दोन निष्कर्षांत विरोध वाटत नाही. कागद खाली टाकायला निघालेला हात थबकायला अर्धा सेकंद पुरतो. खिशातून पैसे काढून द्यायला त्याहून जास्त काही लागतं. दावा पसरवणाऱ्यांनी हे दोन्ही एकाच माळेत ओवले आहेत.

पार्किंगचा मुद्दा मात्र सगळ्यात महागात पडू शकतो, कारण तिथे खरोखरची चोरी असते. त्याचाही प्रयोग न्यूकॅसलमध्येच, नेटल आणि बेटसन यांच्याच गटाने केला आणि २०१२ साली छापला. विद्यापीठात सायकलचोऱ्या व्हायच्या. तीन ठिकाणी पाट्या लावल्या: रोखलेले डोळे आणि खाली मजकूर, सायकलचोरांनो, आमचं तुमच्याकडे लक्ष आहे. आधीच्या वर्षी त्या तीन जागी ३९ सायकली गेल्या होत्या, पाट्यांनंतरच्या वर्षी १५. घट ६२ टक्के. बातम्या इथेच थांबतात.

निबंध थांबत नाही. पाट्या नसलेल्या बाकीच्या जागांवर चोऱ्या ३१ वरून ५१ वर गेल्या. बेरीज करा: आधी ७०, नंतर ६६. चोर सुधारला नाही, पलीकडच्या स्टँडवर गेला. शिवाय पाटीवर डोळे होते तसा मजकूरही होता, त्यामुळे काम कोणी केलं, चित्राने की धमकीने, हे या प्रयोगातून सांगता येत नाही. संशोधकांनी हे सगळं स्वतःच लिहून ठेवलंय. तुमच्या सोसायटीने डोळे लावले आणि तुमच्या गाड्या वाचल्या, तर शेजारच्या सोसायटीला एकदा विचारून बघा.

मग कोणी बघतंय या भावनेत काहीच दम नाही का? आहे, भरपूर आहे. पण ती भावना डोळ्यांच्या आकारातून येत नाही. आपण काय केलं ते ओळखीच्या माणसांपर्यंत पोचणार का, यातून येते. हे ज्या प्रयोगात स्वच्छ दिसतं तो मिशिगनमधला आहे. ॲलन गर्बर, डोनाल्ड ग्रीन आणि क्रिस्टोफर लॅरिमर यांनी २००६ च्या ऑगस्टमधल्या प्राथमिक निवडणुकीआधी तिथल्या घरांना पत्रं पाठवली. अमेरिकेत कोणाला मत दिलं हे गुप्त असतं, पण मतदानाला गेलात की नाही ही नोंद बघता येते. पत्रं चार प्रकारची होती, आणि काही घरांना काहीच पाठवलं नाही.

काहीच न मिळालेल्यांत मतदान २९.७ टक्के झालं. ‘मतदान हे कर्तव्य आहे’ एवढंच सांगणाऱ्या पत्राने ते ३१.५ वर गेलं. ‘या निवडणुकीत आम्ही संशोधन करतोय, तुमच्या मतदानाची नोंद बघणार आहोत’ या पत्राने ३२.२ वर. म्हणजे कोणीतरी अनोळखी बघतंय याने उपदेशापेक्षा जेमतेम अर्धा-पाऊण टक्का जास्त मिळवला. घरातल्या प्रत्येकाने आधी कधी मतदान केलं ते छापून पाठवलं तेव्हा आकडा ३४.५ झाला. आणि चौथ्या पत्रात स्वतःच्या नोंदीसोबत शेजाऱ्यांचीही नोंद होती, निवडणूक झाल्यावर नवा तक्ता सगळ्यांना पाठवू असंही लिहिलं होतं. तिथे ३७.८.

हे आकडे एका ओळीत ठेवले की नजरेचा प्रकार समजतो. संशोधक बघतोय याने विशेष फरक पडत नाही, शेजारच्या घरात कळणार म्हटलं की पडतो. आपल्याकडे मंडळाच्या फलकावर वर्गणीदारांची नावं रकमेसकट का लिहितात, हे कार्यकर्त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. मात्र खरी नजरसुद्धा कायमची पुरत नाही. आड्रियान सूतेव्हेंट यांनी नेदरलँड्समधल्या ३० चर्चमध्ये बंद पिशव्यांऐवजी उघड्या टोपल्या फिरवून पाहिल्या. आरतीच्या तबकासारखंच ते, शेजारच्याला तुमचं नाणं दिसणार. बाहेरच्या कामांसाठी गोळा होणारी रक्कम सुरुवातीला सुमारे दहा टक्के वाढली, पुढे पुढे तो फरक ओसरला. आणि चर्चच्या स्वतःच्या खर्चासाठी जे गोळा करतात त्यात टोपलीने काही फरक पाडलाच नाही.

राहिला मुद्दा ‘तरच’चा, म्हणजे बघणारा नसेल तर माणूस खोटंच वागणार. हे तपासायला उर्स फिशबाखर आणि फ्रान्झिस्का फॉल्मी-होइझी यांनी स्वित्झर्लंडमध्ये एक सोपा प्रयोग केला, तो २०१३ साली छापून आला. फासा टाकायचा, आकडा फक्त टाकणाऱ्याला दिसणार, आणि आकडा सांगायचा. १ ते ५ सांगितलं तर तेवढे फ्रँक, ६ सांगितलं तर शून्य. पकडलं जायची सोयच नाही.

माणूस बघणाऱ्याच्या धाकानेच सरळ वागत असता, तर सगळ्यांनी ५ सांगितलं असतं. ३५ टक्क्यांनी सांगितलं. प्रामाणिक फाशात ते १७ टक्क्यांच्या आसपास यायला हवं होतं, तेव्हा खोटं बोललं गेलं हे उघड आहे. पण ६ सांगून रिकाम्या हाताने उठणारेही ६.४ टक्के होते. शून्य मिळवण्यासाठी कोणी खोटं बोलत नाही. फाशावर सहा दर सहातल्या एकाला पडतो, म्हणून ६.४ ला सहाने गुणलं की प्रामाणिक माणसांचा अंदाज मिळतो: ३८-३९ टक्के.

याहून गमतीशीर आकडा चाराचा आहे. ४ सांगणारे २७ टक्के निघाले, तेही असायला हवेत त्याहून बरेच जास्त. म्हणजे काहीजण खोटं बोलले आणि तरी पूर्ण पैसे घेतले नाहीत, एक फ्रँक सोडून दिला. नेमकं कोण खोटं बोललं हे प्रयोग करणाऱ्यालाही कळणार नव्हतं, भिंतीवर डोळेही नव्हते, तरी ५ सांगणं त्यांना उघडउघड लबाडीचं वाटलं.